मातीतली बीजसंख्या मोजली. आता माळावर बी पेरायचे की नाही?

माळकरी: पुरंदर तालुक्यातल्या एका माळावरची गिरिपुष्पाची लागवड दोन वर्षांपूर्वी काढण्यात आली. तिथे मे महिन्यात 20 प्लॉट आखले आणि प्रत्येकातून 5 सेंमी व्यासाच्या नळीने 5 सेंमी खोलीपर्यंतची माती दहा ठिकाणी काढून एकत्र केली. जाड कचरा चाळून बाजूला केला आणि प्रत्येक प्लॉटची उरलेली सगळी माती एकेका ट्रेमध्ये पसरली. चार महिन्यांत एकूण 420 रोपे उगवली. ट्रे 30 × 40 सेंमीचा असल्याने चौरस मीटरला 175 बिया असा हिशेब निघतो. एवढे बी मातीत आहे तर वेगळी पेरणी नको, असे अहवालात लिहावे का? माझे मार्गदर्शक पेरणीच्या बाजूचे आहेत.

जुनी_रोपवाटिका: ट्रेचे क्षेत्रफळ या हिशेबात येतच नाही, कारण माती ट्रेमधून नव्हे, माळावरून घेतली आहे. नळीचे तोंड 19.63 चौ. सेंमी, म्हणजे दहा नळ्यांचे मिळून 196.3 चौ. सेंमी होतात. चौरस मीटरमध्ये 10,000 चौ. सेंमी असल्यामुळे प्लॉटमागे उगवलेल्या प्रत्येक रोपाला सुमारे 51 ने गुणावे लागते. आपली सरासरी प्लॉटमागे 21 रोपे आहे, म्हणजे चौरस मीटरला 1,070. सगळी माती पसरली होती म्हणून एवढ्यावर भागले. निम्मीच पसरली असती तर आकडा दुप्पट करावा लागला असता.

मात्र आकडा सहापट झाला म्हणून आपला निष्कर्ष सहापट बळकट झाला, असे समजू नये. ही 420 रोपे कशाची होती आणि कोणत्या प्लॉटमध्ये किती उगवली, हे आधी सांगावे. दुसरे असे, की प्लॉटमागे जवळजवळ एक लिटर माती त्या ट्रेमध्ये पसरली तर थर आठ मिलिमीटरचा होतो. बारीक बियांना प्रकाश लागतो आणि तळाशी राहिलेल्या बिया तशाच पडून राहतात. उगवण थांबल्यावर माती सुकवून, हलवून पुन्हा पाणी दिले होते का?

माळकरी: माती हलवली नव्हती. 420 पैकी 190 रोपे दोनच प्लॉटमध्ये आली, आणि ती जवळजवळ सगळी बारीक लव्हाळ्याच्या जातीची होती. ते दोन्ही प्लॉट पाणी साचणाऱ्या खोलगट भागात आहेत. बाकीच्यांत केना, गाजरगवत, थोडा टाकळा आणि एकदांडी. बारमाही गवतांपैकी मारवेलाची 6 रोपे मिळाली, कुसळीचे एकही नाही.

जुनी_रोपवाटिका: मग उत्तर आपणच दिले आहे. खोलगट भागातले दोन प्लॉट वगळले तर उरलेल्या 18 प्लॉटमध्ये 230 रोपे राहतात आणि घनता 650 वर येते; एका सरासरीच्या पोटात दोन वेगळे माळ आहेत, म्हणून प्रत्येक प्लॉटचा आकडा अहवालात स्वतंत्र द्यावा आणि नमुन्यांची संख्या 20 धरावी, 200 नव्हे. पेरणीचा निर्णय मात्र मारवेलाच्या आकड्यावर घ्यावा लागेल, आणि तो 20 प्लॉट मिळून 0.39 चौ. मीटरमध्ये 6, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 15 एवढाच आहे. बहुतेक बारमाही गवतांचे बी मातीत वर्षभराहून फारसे टिकत नाही. गिरिपुष्पाच्या सावलीत गवत उरले नसेल तर इतक्या वर्षांत बी टाकणारेच कोणी नव्हते. मातीत साठून राहते ते तणांचे आणि वर्षायू वनस्पतींचे बी.

एकदांडी मोजताना जपावे. तिचे बी वाऱ्यावर येते. शेजारी नुसत्या भाजलेल्या मातीचे दोन-तीन ट्रे ठेवले असते, तर रोपे माळाची किती आणि आपल्या अंगणाची किती, हे कळले असते.

चाळणीवाला: मुळात उगवण पद्धतीवर एवढा विश्वास का? आम्ही माती बारीक चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बी मोजले. जिथे ट्रेमध्ये टाकळ्याची तीन रोपे आली, तिथे तेवढ्याच मातीत टाकळ्याचे चाळीसहून अधिक दाणे निघाले. मातीतली खरी संख्या तीच. उगवण मोजणे म्हणजे जे स्वतःहून पुढे आले तेवढ्यांचीच हजेरी घेणे.

जुनी_रोपवाटिका: टाकळ्याबाबत आपले म्हणणे मान्य आहे. त्याचे कवच कठीण असते आणि चार महिन्यांत बहुतेक दाणे पाणीच शोषत नाहीत, त्यामुळे उगवणीचा आकडा नेहमी कमी येतो. परंतु आपल्या चाळीस दाण्यांपैकी किती टाचणीने दाबल्यावर टणक लागले आणि कापल्यावर आतून पांढरे निघाले, हे आपण लिहिलेले नाही. मेलेले बी मातीत बराच काळ बीच दिसते. शिवाय लव्हाळ्याच्या धुळीएवढ्या बिया एक लिटर मातीतून डोळ्यांनी वेचायला किती दिवस लागतात, हे आपणही जाणता.

चाळणीवाला: सगळेच दाणे कापून पाहिले नव्हते, हे खरे. तरीही शेंगावर्गासाठी नुसत्या ट्रेवर विसंबू नये, हे माझे मत कायम आहे.

दोन_एकर: आमच्याकडे दोन एकर गायरान आहे आणि मारवेल लावायचा आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे 51 ने गुणून एकरी किती किलो बी घ्यावे?

जुनी_रोपवाटिका: दादा, 51 हा गुणक माळकरी यांच्या नळ्यांचा आहे, बियाण्याचा नव्हे. मारवेलाच्या विकतच्या बियाण्यात पोकळ फुले पुष्कळ असतात. शंभर मोजून ओल्या फडक्यात ठेवा आणि किती उगवतात ते पाहूनच प्रमाण ठरवा.

पावसातला_निरीक्षक: मला हा सगळा वादच टेबलावरचा वाटतो. पहिल्या दोन पावसांनंतर त्याच 20 प्लॉटमध्ये एक मीटरची चौकट ठेवून गवताची रोपे मोजली, तर माळ काय करणार आहे हे माळच दाखवतो. ट्रेमध्ये मुंगी नाही, शेळी नाही, पंधरा दिवसांची उघडीप नाही.

जुनी_रोपवाटिका: चौकट जरूर ठेवावी. परंतु ती एका वर्षाचा पाऊस मोजते. जूनमध्ये उगवून उघडिपीत करपलेले रोप आणि मुळात नसलेले बी यांतला फरक ऑगस्टमधल्या चौकटीत दिसत नाही. माळकरी, कुसळीच्या शून्याबद्दल एक विचारतो: कचरा चाळलेली चाळणी किती जाड होती?

माळकरी: 4 मिलिमीटरची. वरचा पालापाचोळा नळी मारण्याआधी हाताने बाजूला केला होता.

जुनी_रोपवाटिका: मग ते शून्य माळाचे नसून चाळणीचे असू शकते. कुसळीचे बी टोकदार आणि लांब पीळदार शेपटीचे असते. वाळलेल्या शेपट्या एकमेकींत अडकून त्यांचा गुंता होतो. असा गुंता पाचोळ्यात तरी राहतो किंवा जाड चाळणीवर काडीकचऱ्याबरोबर बाजूला पडतो. चाळणी नीट असती तरी शून्याचा अर्थ ‘चौरस मीटरला साधारण आठपेक्षा कमी’ एवढाच निघाला असता, आणि तोही बी सर्वत्र सारखे विखुरले आहे असे धरले तर. एका प्लॉटपुरते शून्य असेल तर ती मर्यादा दीडशेपर्यंत जाते.

पावसातला_निरीक्षक: म्हणजे पेरायचे की नाही, हे तुम्हालाही सांगता येत नाही.

जुनी_रोपवाटिका: मारवेलासाठी पेरावे, हे मी सांगतो. कुसळीसाठी आजच सांगता येत नाही. काही पट्टे न पेरता कुंपणात ठेवावेत, यावर तुमचे-माझे एकमत व्हायला हरकत नाही.

माळकरी: चाळणीवरचा कचरा फेकलेला नाही. अकरा प्लॉटची गोणपाटे ओसरीत आहेत, पण पावसाळ्यात कोपऱ्यातली दोन-तीन भिजली होती. तो कचरा आता ट्रेमध्ये पसरला तर चालेल का?

जुनी_रोपवाटिका: कोरड्या राहिलेल्या गोणपाटांचा पसरा, शेपट्या कात्रीने कापून. भिजलेल्यांतले बी आतच उगवून मेले असण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांतल्या शेपट्या नुसत्या मोजून ठेवा आणि घनतेच्या हिशेबात धरू नका. उरलेल्या नऊ प्लॉटना कुसळीपुरते शून्य न लिहिता ती जागा रिकामी सोडा.