‘विसावे वर्ष’ की ‘वीस वर्षे’? ताई-दाजींसाठी गझल

स्नेहल, कसबा बावडा
ताई-दाजींच्या लग्नाला येत्या रविवारी वीस वर्षं होतात. घरच्यांचं जेवण आहे आणि दोन मिनिटं काहीतरी म्हणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दाजींना गझलेचं वेड, म्हणून तसलंच काही लिहायला बसले. आतापर्यंत एवढंच झालंय:

ताई-दाजींची ही जोडी किती छान
वीस वर्षांत वाढला दोघांचा मान

वाचताना दुसऱ्या ओळीत जीभ अडखळते. शिवाय ‘विसावे’ लिहायचं की ‘वीसावे’? आणि आपण बोलताना ‘वर्षं’ म्हणतो, तर कवितेत ‘वर्षे’ पुस्तकी वाटेल का?

मीनाकाकू, शिवाजी पेठ
अगं, लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला उखाणा कशाला अवघड? हा घे: ‘अंबाबाईच्या पायांवर सूर्याचे किरण, रावांचं नाव घेते, बांधा दाराला तोरण.’ मधे दाजींचं नाव घाल, झालं.

स्नेहल
काकू, उखाणा ताई घेईलच. मला माझ्याकडून त्यांच्यावर लिहायचंय.

संदीप, गंगावेस
स्नेहलताई, गझल म्हणजे विरह, मैफल, डोळ्यांत पाणी. लग्नाच्या वाढदिवसाला गझल म्हणजे श्रीखंडात ठेचा. तरी करायचीच असेल तर सोपं आहे, प्रत्येक ओळीत अक्षरं सारखी मोजायची आणि शेवटी यमक जुळवायचं. तुझ्या पहिल्या ओळीत बारा अक्षरं आहेत, दुसरीत तेरा. म्हणून अडखळते.

अण्णा, राजारामपुरी
विषयाचं बंधन गझलेला नाही. शेर आनंदाचा असू शकतो, भांडणाचा असू शकतो, भाजीच्या हिशेबाचाही असू शकतो. आपल्याच गावात राजाराम कॉलेजला शिकवणाऱ्या माधव जूलियनांची ‘गज्जलांजलि’ १९३३ ची, म्हणजे कोल्हापूरला गझल काही नवी पाहुणी नाही.

आधी शब्दांचं. ‘विसावे’ बरोबर, पहिला वि ऱ्हस्व. तीस-तिसावे तसं वीस-विसावे. पण रविवारी वीस वर्षं पुरी होतायत, म्हणजे सोमवारपासून एकविसावं वर्ष लागलं. ‘विसावे वर्ष साजरे’ म्हणालीस तर कोणीतरी बोटं मोजत बसेल. ‘वीस वर्षे’ म्हण. तोंडात ‘वर्षं’ आलं तरी ठेका बदलत नाही, दोन्हीकडे शेवट लांबच पडतो. लिहिताना ‘वर्षे’ ठेव.

आता गंमत बघ. ‘वीस वर्षे’ हे शब्द मोठ्याने म्हण. वी लांब, स आखूड, व लांब कारण पुढच्या र्षे चा आघात त्याच्यावर येतो, आणि र्षे लांब. लांब-आखूड-लांब-लांब. हाच तुकडा तीनदा म्हण: वीस वर्षे, वीस वर्षे, वीस वर्षे. झालं तुझं वृत्त. त्याला मंजुघोषा म्हणतात, पण नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. प्रत्येक ओळ या तीन तुकड्यांवर बसली पाहिजे, आणि पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींच्या शेवटी, पुढे प्रत्येक शेराच्या फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘वीस वर्षे’ हेच शब्द ठेवायचे. तो तुझा रदीफ. त्याच्या आधीचा शब्द जुळता, तो काफिया.

स्नेहल
अण्णा, टाळी वाजवत स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या, नवऱ्याला वाटलं मी देवीची गाणी म्हणतेय. ही ओळ बसते का?

ताई दाजी चालताना वीस वर्षे

अण्णा
‘चालताना वीस वर्षे’ अगदी तंतोतंत. ‘ताई दाजी’ मात्र ‘वीस वर्षे’वर ठेवून म्हणून बघ. जिथे स आखूड आहे तिथे तुझी ई येते, आणि ती लांब आहे. ‘ताइ’ असं लिहून जागा भरता येते, जुन्या कवितेत अशी सूट घेतलेली दिसते, पण ऐकताना ती खटकते. शेरात नावं घालूच नकोस. सुरू करण्याआधी त्यांच्याकडे बघून ‘ताई, दाजी, हे तुमच्यासाठी’ म्हणालीस की पुरे.

स्नेहल
नावं काढली. आता मतला, म्हणजे पहिला शेर:

ना कळाली चालताना वीस वर्षे
आणि लटके बोलताना वीस वर्षे

संदीप
बघा, पहिलीत बारा अक्षरं, दुसरीत तेरा. पुन्हा चुकलीस.

अण्णा
संदीप, अक्षरं मोजू नकोस रे, वजन मोज. ‘लटके’मधली ल आणि ट ही दोन आखूड अक्षरं मिळून एका लांब अक्षराएवढी होतात. ओळ एकवीस मात्रांचीच राहते. काटेकोर मंडळी म्हणतील की अशा वृत्तात अक्षरंही सारखीच हवीत, आणि त्यांचंही एक म्हणणं आहे. मी मात्र या मोकळीकीच्या बाजूचा. बोलीतले सोपे शब्द ठेवायचे तर ती लागतेच.

मला दुसरीच गोष्ट खटकते. ‘चालताना’ आणि ‘बोलताना’ दोन्हींत ‘लताना’ सारखं आलं. मतला म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेला शब्द. तू त्याला सांगितलंस की प्रत्येक शेरात ‘लताना’ येणार. मग पुढे झेलताना, पेलताना, तोलताना, एवढ्यात गाडी थांबते, आणि पाचव्या शेराला तू दाजींना लसूण सोलायला बसवशील. मतल्यातच एक काफिया वेगळ्या अक्षराचा घे, ‘भांडताना’ म्हण. आता फक्त ‘ताना’ आणि त्याच्या आधीचा अ सांभाळायचा. वाढताना, राबताना, थांबताना, सगळी दारं उघडी.

मीनाकाकू
‘लटके भांडताना’ म्हणू नकोस हो. लटका राग ठीक, पण तुझ्या ताईचं भांडण मी गॅलरीतून ऐकलंय. त्यात लटकं काही नसतं.

स्नेहल
मग ‘आणि रोजच भांडताना’ चालेल?

अण्णा
वजनात बसतं आणि खरंही आहे. ‘ना कळाली’ पण बदल. आपण कोणी बोलताना ‘ना कळाली’ म्हणत नाही, ‘कळलीच नाहीत’ म्हणतो. ‘सहज सरली’ करून बघ. सह, ज, सर, ली. तोच तुकडा.

सहज सरली चालताना वीस वर्षे
आणि रोजच भांडताना वीस वर्षे

संदीप, आता चौदा आणि तेरा अक्षरं आहेत. मोठ्याने म्हण आणि कुठे अडतं ते सांग.

संदीप
अडत नाही. मानलं. पण ‘भांडताना’ने सुरुवात केल्यावर दाजी हसतील की नाही यावर माझी पैज.

स्नेहल
पुढचा शेर त्यांच्या पहिल्या घरावर. शुक्रवार पेठेत दोन खोल्या होत्या आणि पाहुण्यांचा राबता तर अजूनही तसाच.

दोन खोल्या, एक पंखा, चार भांडी
पाहुण्यांना वाढताना वीस वर्षे

अण्णा
ठेका झकास. ‘पाहुण्यांना’मधल्या हु वर आघात येत नाही, तो आखूडच, त्यामुळे बरोबर बसलं. पण वाक्य लटकतंय. वाढताना वीस वर्षे काय झाली? क्रियापदच नाही. पहिल्या ओळीने दुसरीला हात दिला पाहिजे, नाहीतर रदीफ नुसता डकवलेला वाटतो. तपासायची रीत सोपी आहे: दोन्ही ओळी गद्यासारख्या सलग वाच, अर्थ लागला तर ठीक. पंखा काढ.

दोन खोल्या, चार भांडी, त्यात गेली
पाहुण्यांना वाढताना वीस वर्षे

स्नेहल
‘त्यात गेली’वर थांबल्यावर पुढे काय येणार याची ओढ लागते, हे आत्ता कळलं. त्याच रीतीने हा केलाय. २०१९ च्या पुरात ते घर पाण्यात होतं, आणि दोघांनी मिळून गाळ उपसला होता.

पूर आला, घर बुडाले, पण न बुडली
गाळ सारा काढताना वीस वर्षे

मीनाकाकू
शुभ दिवशी पूर आणि गाळ? आमच्याकडे असं बोलत नाहीत. ताईच्या सासूबाई पुढ्यात बसलेल्या असतील.

संदीप
काकू, हाच शेर सगळ्यात भारी आहे. त्या पंधरवड्यात सगळी पेठ एकमेकांच्या घरातला गाळ काढत होती. हॉलमधले निम्मे लोक मान डोलावतील.

अण्णा
मी शेर ठेवीन, पण जागा बदलीन. गझलेत प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो, त्यामुळे मागेपुढे करता येतो. मतल्यानंतर लगेच पूर नको, आधी पाहुण्यांना हसू दे. एक बारीक शंका मात्र आहे: गाळ काढायला काही वीस वर्षं लागली नाहीत. ‘न बुडली’ आणि ‘वीस वर्षे’ यांच्यामधे ‘गाळ सारा काढताना’ नीट मधल्या वाक्यासारखं वाचलंस तर अर्थ लागतो, घाईत वाचलंस तर हरवतो.

स्नेहल
घाई करणार नाही. शेवटचा:

आज घ्यावा फक्त क्षणभर हा विसावा
साद देती थांबताना वीस वर्षे

अण्णा
वा! विसावं वर्ष आणि विसावा, दोन्ही एका शब्दात. कानाला कळेल, समजावून सांगू नकोस. ‘फक्त’ आणि ‘क्षणभर’ मात्र एकच काम करतात, त्यातला एक भरीचा. ‘आज घ्यावा चार घटका हा विसावा’ कर. आणि ही साद घालणारी वीस वर्षं मागची की पुढची?

स्नेहल
मला पुढची म्हणायची होती.

संदीप
मला मागची वाटली. म्हणजे थांबल्यावर सगळं आठवतंय असं.

अण्णा
मग तसंच राहू दे. पण मोज: मतला धरून चारच झाले. निदान पाच शेर असल्याशिवाय जाणकार त्याला गझल म्हणत नाहीत, आणि दाजी जाणकार आहेत असं तूच म्हणालीस.

स्नेहल
काल रात्री हा सुचलाय. दर चैत्रात दोघं जोतिबाला जातात, म्हणून:

जोतिबाला नवस केला ना कधी पण
पावली ती राबताना वीस वर्षे

मीनाकाकू
नवस केला नाही कसा? धाकटीच्या वेळी केला होता की, मी होते सोबत!

स्नेहल
मग ‘नवस केला एकदा पण’ करते. ए, क, दा, पण. बसतंय.

मीनाकाकू
बसतंय गं, पण ‘पण’ कशाला? देव पावला आणि कष्टही पावले असं म्हण. तुझ्या ओळीत देव पावलाच नाही असं वाटतं.

संदीप
‘पण’ काढलं तर शेरातली कलाटणीच गेली.

अण्णा
दोघांचंही खरं आहे. काकूंना हवं तसं ‘एकदा अन्’ म्हणता येतं, वजन तेच राहतं, धार कमी होते. हे स्नेहलने ठरवायचं, सासूबाई तिच्या ताईच्या आहेत.

म्हणताना मात्र एक लक्षात ठेव. पहिली ओळ दोनदा म्हण आणि दुसऱ्या वेळी तिच्या शेवटी थांब. ‘त्यात गेली’, ‘पण न बुडली’ यांच्यावर थांबलीस की ‘वीस वर्षे’ हॉलच म्हणेल, तुला म्हणावं लागणार नाही.

संदीप
अण्णा, आमच्या आई-बाबांची यंदा पंचवीस होतायत. ‘पंचवीस वर्षे’चा रदीफ कुठल्या ठेक्यात बसेल?

अण्णा
लांब-आखूड-लांब-आखूड-लांब-लांब. मंजुघोषात तो बसणार नाही, वेगळं वृत्त शोधावं लागेल. उद्या निवांत बसून बघतो. तोवर तू अक्षरं मोजू नकोस.