व्हिसा रिजेक्ट झाल्यावर युनिव्हर्सिटीकडून फी परत मागितली, तुमचे अनुभव लिहा

होटगीरोडवाली

परवा गड्ड्यावर भावाचे दोन मित्र भेटले, दोघांचाही यूकेचा व्हिसा रिजेक्ट आणि दोघंही म्हणायलेत डिपॉझिट गेलं ते गेलं, आता काय करणार. मी विचारलं, पॉलिसी वाचली का बे? तर एकानेही वाचलेली नाही. आमचे पैसे परत आले पण सुखासुखी नाही आले, म्हणून धागा काढायलेय. आधी आमचं सांगते, मग तुम्ही लिहा.

भावाला इंग्लंडात एमएस्सीला अ‍ॅडमिशन, सप्टेंबर २०२५ ची बॅच. १४ मे ला ऑफर स्वीकारली आणि अप्पांच्या खात्यातून ४,००० पौंड डिपॉझिट भरलं. व्हिसासाठी उरलेली फी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते, हे माहीत होतं, रक्कम ठेवलीही होती. पण अप्पांचं लूमचं सगळं त्याच खात्यातून चालतं. १९ व्या दिवशी सुताच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक वटला आणि दोन दिवस बॅलन्स खाली गेला. तिसऱ्या दिवशी पैसे परत भरले, आम्हाला वाटलं झालं. नाही झालं. २१ ऑगस्टला रिफ्युजल लेटर, त्यात बरोब्बर त्या दोन तारखा लिहिलेल्या. नवीन अर्ज करायचा तर नवीन कॅस लागतो आणि युनिव्हर्सिटी म्हणाली जॉईन व्हायची शेवटची तारीख आता गाठता येणार नाही, कॅस मिळणार नाही.

मग रिफंड मागितला. दहा दिवसांनी चार ओळींचा मेल: आमच्या रिफंड पॉलिसीप्रमाणे पैशाची अट पूर्ण न केल्यामुळे व्हिसा नाकारला तर ती अर्जदाराची चूक, डिपॉझिट मिळणार नाही. खाली लिंक. लिंक उघडली तर खरंच तसं कलम होतं. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री मी ते पान परत वाचत बसले होते तर एकदम तळाला बारीक अक्षरात दिसलं, १ जुलै २०२५ पासून लागू. आणि आपण पैसे भरले मे मध्ये! ऑफर लेटर काढलं, त्यात साफ लिहिलेलं की ऑफर स्वीकारली त्या दिवशीच्या अटी लागू राहतील. आता मे मधली पॉलिसी आणायची कुठून, कारण आम्ही तेव्हा काही डाउनलोड केलं नव्हतं. web.archive.org वर त्या पानाचा पत्ता टाकला. एक कॉपी २२ एप्रिलची मिळाली, एक ३ जूनची, दोन्हीत शब्द न् शब्द सारखा मजकूर: व्हिसा नाकारला आणि लेटर २८ दिवसांत पाठवलं तर २५० पौंड कापून बाकी परत, अपवाद फक्त खोटी कागदपत्रं किंवा खोटी माहिती. पैशाच्या अटीचा उल्लेखसुद्धा नाही.

मग भावाने मेल नाही, औपचारिक तक्रार केली. इंग्रजीतच, पण मतलब एवढाच होता: ऑफर १४ मे ला स्वीकारली, ऑफर लेटरच्या अमुक कलमाप्रमाणे त्या दिवशीची पॉलिसी लागू, ती पॉलिसी ही, तिचं ७.२ हे, रिफ्युजल लेटर चौथ्या दिवशी पाठवलेलं आहे आणि त्यात खोटेपणाचा एक शब्द नाही, तेव्हा ३,७५० पौंड परत करा, नाही करायचे तर कोणत्या कलमाखाली ते सांगा. लूम, कर्ज, अप्पांची शुगर यातलं काही लिहू दिलं नाही मी. पहिल्या मेलमध्ये त्याने ते सगळं लिहिलं होतं आणि त्यांनी त्यालाच धरून सहानुभूतीचं उत्तर पाठवलं होतं.

३० सप्टेंबरला उत्तर, सद्भावना म्हणून अर्धे देतो. घ्यावेत असं आईचं मत. आम्ही नाही घेतले, कारण ते स्वीकारलं की विषय संपला असं त्याच मेलमध्ये होतं. दुसऱ्या टप्प्याला नेलं, २९ ऑक्टोबरला मान्य झालं, १८ नोव्हेंबरला पैसे अप्पांच्या खात्यात. मधल्या बँकेने थोडं कापलं ते कापलंच.

आता तुमचं लिहा, नकार मिळाला असेल तर तोही.

सातरस्ता_०७

एवढं भांडायची गरजच नव्हती ताई. व्हिसा रिजेक्ट झाला की कायद्यानेच रिफंड द्यावा लागतो, फक्त ५०० डॉलर कापतात. माझ्या चुलतभावाला महिन्याच्या आत मिळाला, एक मेल टाकला बास. तुम्ही कायदा दाखवला असता तर झालं असतं.

नवी_पेठ_काउन्सेलर

@सातरस्ता, तुमचा चुलतभाऊ ऑस्ट्रेलियाचा असणार. तिथे ESOS नावाचा कायदा आहे. व्हिसा नाकारल्यामुळे कोर्स सुरूच झाला नाही तर भरलेल्या फीच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर, यातलं जे कमी ते कापायचं आणि चार आठवड्यांत बाकी द्यायचं. पॉलिसीत कॉलेजने काहीही लिहिलं तरी यापेक्षा जास्त कापता येत नाही. यूकेत असा आकडा ठरवून देणारा कायदा नाही, तिथे तुमचा करार हाच आधार, म्हणून होटगीरोडवालींनी जे केलं ते बरोबरच होतं. करारातली अट फारच एकतर्फी असेल तर ग्राहक कायदा मदतीला येऊ शकतो, पण कलमच आपल्या बाजूने असेल तर तिथपर्यंत कशाला जायचं.

मी सात-आठ वर्षं हेच काम करतोय, एक निरीक्षण सांगतो. रिफंड टीम रिफ्युजल लेटरमधलं फक्त कारण बघते. पैसे २८ दिवस नव्हते, हे एक. इंटरव्ह्यूमध्ये खरा विद्यार्थी वाटला नाही, हे दुसरं. खोटं कागदपत्र, हे तिसरं. तिसऱ्यात पैसेही जातात आणि यूकेची दारं दहा वर्षं बंद होऊ शकतात. पहिल्या दोघांत पॉलिसी काय म्हणते ते युनिव्हर्सिटीगणिक वेगळं. पैशाच्या अटीला अर्जदाराची चूक म्हणणारी कलमं अलीकडे जास्त दिसायलीत, कारण फार रिफ्युजल झाले तर युनिव्हर्सिटीचं स्पॉन्सर लायसन्स धोक्यात येतं. म्हणून पैसे भरतानाच पॉलिसीचं पान तारखेसकट पीडीएफ करून ठेवा. आर्काइव्हवर प्रत्येक पान सापडत नाही, होटगीरोडवालींचं नशीब.

चादरवाला

राग मानू नका, पण यात युनिव्हर्सिटीचं काय चुकलं? २८ दिवस म्हणजे २८ दिवस, चेक तुमच्या घरातूनच गेला. त्यांनी सीट अडवून ठेवली, ती रिकामी गेली. मी एखाद्याच्या ऑर्डरचा माल विणून ठेवला आणि तो म्हणाला माझी बँक फसली, तर मी अ‍ॅडव्हान्स परत देतो का?

होटगीरोडवाली

चूक आमचीच होती, अप्पा अजून म्हणतात. पण तुम्ही बिलावर छापलं असेल की अशा वेळी २५० कापून अ‍ॅडव्हान्स परत, तर द्याल ना? त्यांनी छापलं होतं.

चादरवाला

मी छापणारच नाही ना असं 😄

अक्कलकोटची_आई

आमचं हेल्थचे भरलेले पैसे आणि व्हिसाची फी परत कशी मागायची, युनिव्हर्सिटी उत्तरच देत नाहीये, तीन मेल केले. मुलीचा व्हिसा डिसेंबरात नाकारलाय.

नवी_पेठ_काउन्सेलर

काकू, ते युनिव्हर्सिटीकडे नसतं. हेल्थ सरचार्ज यूके सरकारने घेतलेला असतो, व्हिसा नाकारला की तो ज्या कार्डवरून भरला त्यावर आपोआप परत येतो, काही मागावं लागत नाही. फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू टाकला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबतो. व्हिसाची फी परत मिळत नाही. कार्ड कुणाचं होतं ते आधी बघा.

अक्कलकोटची_आई

कार्ड एजंटचं होतं. डिपॉझिटही त्यांच्याच खात्यातून गेलं, आम्ही त्यांना इथे कॅश आणि थोडे ऑनलाइन दिले. ते म्हणायलेत अजून काही आलं नाही.

कर्जवाला_साहेब

काकू, इथेच घोळ आहे. युनिव्हर्सिटी मनी लाँडरिंगच्या नियमामुळे रिफंड ज्या खात्यातून आला त्याच खात्यात टाकते. तुम्ही कितीही मेल केले तरी मुलीच्या खात्यात टाकणार नाहीत. मुलीने स्वतःच्या मेलवरून युनिव्हर्सिटीला एवढंच विचारावं की रिफंड दिला का, कोणत्या तारखेला, किती. ते उत्तर हातात आलं की एजंटशी बोला, आधी नाही. ऑनलाइन दिलेल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. कॅशची पावती आहे का?

बाकीच्यांसाठी: मी बँकेत एज्युकेशन लोन बघतो. लोनमधून गेलेली फी परत आली की ती लोन खात्यातच जमा होते, मुलाच्या सेव्हिंगमध्ये नाही, त्यावरून आमच्या काउंटरवर कायम वाद. आणि स्वतःच्या पैशातून भरताना बँकेने टीसीएस कापला असेल तर तो युनिव्हर्सिटीकडे मागू नका, तो रिटर्न भरताना मिळवायचा, 26AS मध्ये दिसतो.

जुळे_सोलापूर_ते_लीड्स

माझा उलटा अनुभव, म्हणजे मीच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. पहिला व्हिसा इंटरव्ह्यूत गेला, मी अडखळलो होतो, कोर्सचे मॉड्यूल विचारले आणि मला दोनच आठवले. युनिव्हर्सिटीने स्वतःहून मेल केला की रिफंड घेण्याऐवजी डिपॉझिट जानेवारी बॅचला ढकलू का, मी खुशीत हो म्हणालो, फॉर्मवर सही केली, वाचला नाही. त्या फॉर्मात होतं की डिफर केलेलं डिपॉझिट नंतर कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. नशिबाने दुसऱ्यांदा व्हिसा मिळाला म्हणून आज लीड्समध्ये बसून टाइप करतोय, पण माझ्यासोबत अर्ज केलेल्या पंढरपूरच्या मुलाचा दुसऱ्यांदाही गेला आणि पैसेही गेले. तो अजून भांडतोय.

सातरस्ता_०७

त्याला सांगा ओआयएकडे तक्रार कर, फुकट असतं. (आधीचं माझं ऑस्ट्रेलियाचंच होतं, विचारून घेतलं.)

नवी_पेठ_काउन्सेलर

ओआयए विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघतं. जो एनरोलच झाला नाही, फक्त अर्जदार आहे, त्याची अ‍ॅडमिशनची तक्रार तिथे सहसा घेत नाहीत. युनिव्हर्सिटीच्या आतले टप्पे संपवणं आणि मग कराराच्या जोरावर, हाच रस्ता उरतो. पंढरपूरच्या मुलाचा फॉर्म बघितल्याशिवाय बोलणार नाही मी. ढकलताना पहिल्या करारातला रिफंडचा हक्क जातोय हे त्याला ठळकपणे सांगितलं होतं का, त्यावर बरंच आहे.

विजापूर_रोड_२२

माझा प्रश्न असाच आहे का बघा. व्हिसा उशीर होतोय म्हणून युनिव्हर्सिटीने ऑनलाइन क्लास सुरू करायला सांगितले, पोर्टलवर एनरोल केलं, तीन आठवडे लेक्चर केले, मग रिफ्युजल. आता ते म्हणतात तू एनरोल झालास, अर्जदाराचं कलम तुला लागू नाही, शिकलेल्या आठवड्यांची फी सोडून बाकीचं बघू. बाकीचं बघू म्हणजे किती ते सांगत नाहीयेत.

नवी_पेठ_काउन्सेलर

एनरोल केल्याचा कन्फर्मेशन मेल आहे का? असेल तर तुमच्यासाठी ओआयएचा दरवाजा कदाचित उघडा आहे, त्यांच्याच म्हणण्यामुळे. पॉलिसीत एनरोल झाल्यानंतर व्हिसा नाकारला तर काय, असं वेगळं कलम आहे का ते बघा आणि ते इथे टाका, नाव झाकून.

विजापूर_रोड_२२

मेल आहे. पॉलिसी १४ पानांची आहे, रात्री बसतो.

होटगीरोडवाली

तारीख बघ आधी, तळाला असते.