शब्दचर्चा: गोष्टीत वजीर म्हणायचं की राणी?

रश्मी_पेठ
माझी लेक सहा वर्षांची आहे, झोपताना रोज गोष्ट लागते आणि पुस्तकातल्या सगळ्या संपल्यात म्हणून आता मीच रचून सांगते. मागच्या आठवड्यात माहेरी, शिवाजी पेठेतल्या घरी, माळ्यावर आजोबांचा बुद्धिबळाचा पट सापडला, लाकडी, कितीतरी वर्षं तसाच पडलेला. ३२ पैकी ३१ सोंगट्या आहेत आणि हरवलेल्या पांढऱ्या प्याद्याच्या जागी कुणीतरी शिंपल्याचं बटण ठेवलंय. त्यावरून गोष्ट सुचली की रात्री घर झोपलं की ह्या सोंगट्या तंडायला लागतात, आमच्यात मोठं कोण म्हणून.
अडलंय ते इथं, की लेक क्लासला जाते, ती 'क्वीन' म्हणते, आणि आमच्याकडे आजोबांपासून वजीरच. वजीर म्हटलं तर "मी लढलो", राणी म्हटलं तर "मी लढले", आणि मग राजाशी त्या सोंगटीचं बोलणंच बदलतं ना, वजीर राजाला "महाराज" म्हणेल, राणी काय म्हणेल? मराठीत बरोबर कुठलं? आणि 'पडलेला पट' ह्याला चांगला शब्द सांगा, बेवारस लिहिलं तर पोलिसांची बातमी वाटते.

चौसष्ट_घरं
ताई सोप्पं आहे, वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १. राजाला गुणच नाहीत कारण तो गेला की डाव संपला. त्यामुळं वजीर मोठा, भांडायचं कारणच नाही.

रश्मी_पेठ
दादा मी गुण नाही विचारले, शब्द विचारला. पण राजाला गुणच नाहीत हे गोष्टीत घेते, तो गप्प का बसतो त्याचं कारण मिळालं मला.

निनाद_राजारामपुरी
वजीरच बरोबर. राणी हे इंग्रजांनी आणलं, तिकडं व्हिक्टोरिया राणी होती म्हणून त्यांनी वजिराची राणी केली आणि तिला ताकद पण दिली. आपला मूळ खेळ चतुरंग, त्यात राणी नव्हतीच.

आप्पा_गंगावेस
निनाद, शेवटचं वाक्य बरोबर, आधीचं नाही. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती घोडे रथ पायदळ, त्यात राजा आणि त्याचा मंत्री, राणी रणात कशाला येईल. पण युरोपात ती सोंगटी व्हिक्टोरियाच्या कितीतरी आधी राणी झाली, साधारण इ.स. १००० च्या सुमाराच्या एका लॅटिन कवितेत तिला राणीच म्हटलंय. आणि तेव्हा तिला ताकद नव्हती हे लक्षात घ्या. ही सोंगटी मूळची तिरकी एक घर चालायची, बास. लांब पल्ल्याची चाल पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनकडं आली. म्हणजे नाव राणीचं आधी आलं आणि जोर पाचेकशे वर्षांनी.
आपल्याकडं ह्या सोंगटीला फर्जी पण म्हणायचे. रहीमचा दोहा आहे ना, 'प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय', प्याद्याचा फर्जी झाला की वाकडा वाकडा चालायला लागतो. ते नुसतं गर्वाबद्दल नाही, पटावर तो खरंच तिरका चालायचा. ताई, तुमच्या गोष्टीत वजिराची फुशारकी उतरवायला ह्याच्यासारखं काही नाही. पटावरचा जुना हत्ती त्याला सांगू शकतो, "अरे एके काळी तू एक घर चालायचास, मी तेव्हापण सरळ रेषेत कडेपर्यंत जायचो."

चौसष्ट_घरं
आप्पा पण हत्ती तर बंगालीत कोपऱ्यात नसतो, तिथं कोपऱ्यात नौका आणि गज आपल्या उंटाच्या जागी. मग हत्तीचं कुठलं खरं?

आप्पा_गंगावेस
बरोबर बघितलंस. कोपऱ्यातल्या सोंगटीला संस्कृतात रथ, आपल्याकडं हत्ती, बंगालीत नौका. फारसीत आजच्या उंटाच्या जागची सोंगटी पील म्हणजे हत्ती, आणि तो तिरका दोन घरं उडी मारायचा, सगळा पट फिरला तरी ६४ मधल्या आठच घरांत जाऊ शकायचा. म्हणजे मघाशी मी ती फुशारकी ज्या हत्तीच्या तोंडी घातली तो मराठी पटावरचा हत्ती, नाव आपलं आणि चाल रथाची. गोष्ट मराठीत आहे तर हत्ती कोपऱ्यातच ठेवा.

सुलूमावशी
रश्मी, 'मी लढलो' की 'लढले' ह्यात अडकू नकोस बाळ. माझी आई गडहिंग्लजकडची, आणि आमच्याकडं बायकापण "मी आलो, मी जातो" म्हणतात, पुण्याला शिकायला गेल्यावर मला ह्यावरून लई टोकलं होतं. तुझी राणी कोल्हापूरच्या माळ्यावरची आहे, तिनं "मी लढलो" म्हटलं तर ते आपलंच बोलणं. मग वजीर म्हण नाहीतर राणी, तिच्या तोंडचं वाक्य तेच राहतं.

निनाद_राजारामपुरी
मावशी हे भारी आहे. पण इतरांनी तिच्याबद्दल बोलताना 'गेला' की 'गेली' हे राहतंच की. प्यादं कडेला पोचल्यावर वजीर 'झाला' की राणी 'झाली'?

आप्पा_गंगावेस
प्यादं नपुंसक आहे, 'झालं' म्हणा. आणि इथं एक देशी नियम सांगतो. आमचे आजोबा देशी डाव खेळायचे, त्यात प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराची सोंगटी व्हायचं, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. म्हणजे ज्याचं जसं घर तसं त्या प्याद्याचं स्वप्न. आणि प्याद्यानं राजावर मात केली तर प्यादेमात, तिचा मान सगळ्यात मोठा, हरणारा चार दिवस तोंड दाखवायचा नाही. ताईंच्या गोष्टीत प्यादं गप्प का बसेल, त्याच्याकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

रश्मी_पेठ
आप्पा हे मला माहीतच नव्हतं, आता बटणाला बोलायला मिळालं. बटण घोड्यासमोर आहे, त्यामुळं ते म्हणतं, मी पलीकडं पोचलो तर घोडा होईन, आणि घोडा म्हणतो, तू तर कोटाचं बटण. काल एवढंच सांगितलं तर लेक उठून बसली आणि म्हणाली, घोड्यानं सॉरी म्हटलं पाहिजे.
वजीर ठेवला, लेक क्लासमध्ये क्वीन म्हणूदे. आता एकच, मी 'सोंगट्या' लिहिते ते चालेल ना, एका मैत्रिणीनं 'मोहरे' सुचवलं.

सुलूमावशी
सोंगटी सारीपाटाची, पण आम्ही बुद्धिबळालापण तेच म्हणायचो.

आप्पा_गंगावेस
मोहरा पण आपल्याकडं रुळलाय, पण त्याला आता बातमीतला वास आहे, 'बडा मोहरा गळाला लागला' वगैरे. लहान पोरीला सोंगटीच बरी, तिच्यात सोंग आहे. निनादला पटणार नाही बहुतेक.

निनाद_राजारामपुरी
नाही पटत. सोंगटी ऐकलं की मला कवड्याच दिसतात, मोहराच लिहा.

सुलूमावशी
आणि पहिला प्रश्न राहिलाच की, बेवारस नको तर "धूळ खात पडलेला पट" म्हण. पडीक म्हटलं की जमीन वाटते, ओसाड म्हटलं की गाव. धूळ खात पडलेलं म्हटलं की लगेच कळतं, हात लागत नाही पण कुणी टाकूनही दिलेलं नाही.

रश्मी_पेठ
मावशी तेच घेतलं. आजची सुरुवात अशी: "आजोबांच्या माळ्यावर एक पट धूळ खात पडला होता. त्यावर राजा होता, तो काही बोलायचा नाही. आणि एक बटण होतं, ते मात्र रोज रात्री विचारायचं, माझी चाल कधी येणार?" ह्यातलं 'चाल' बरोबर आहे का, की 'खेळी' लिहू?