तिळाचा फोटो बघून 'काही नाही' म्हणता येतं का?

अबोली: नवऱ्याच्या पाठीवर चार महिन्यांपूर्वी नवीन तीळ आला, आता थोडा वर आलाय. वय 46. फोटो काढून बघितला तर दोन्ही अर्धे सारखे, कडा स्वच्छ, रंग एकच गडद तपकिरी, आकार साधारण 5 मिलिमीटर. म्हणजे कॅन्सरचा तीळ ओळखायच्या तिन्ही कसोट्यांत पास. थोडे दिवस थांबून बघायला हरकत नाही ना?

टोकदार: काही हरकत नाही. तिळावर मनातल्या मनात एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची, अर्धे जुळत नसतील, कडा नकाशातल्या किनाऱ्यासारखी तुटकी असेल किंवा दोन-तीन रंग मिसळलेले असतील तर काळजी करायची. तुमच्याकडे यातलं एकही नाही, शिवाय 6 मिलिमीटरच्या आत आहे. तीन महिन्यांनी परत फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा.

कुंतल: टोकदार, तुम्ही नियम बरोबर सांगितलात पण इथे तो लावताच येत नाही. मेलॅनोमा म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा घातक कॅन्सर, आणि 1985 साली हा नियम आला तो मुख्यतः पसरणाऱ्या मेलॅनोमासाठी. तो कातडीच्या वरच्या थरात आडवा वाढतो, एका बाजूला भराभर, दुसऱ्या बाजूला हळू, म्हणूनच आकार बिघडतो आणि कडा वेडीवाकडी होते. गाठीचा मेलॅनोमा मात्र सुरुवातीपासूनच खाली जातो आणि वर उचलला जातो, तो छान गोल, एकरंगी, स्वच्छ कडेचा असू शकतो, आणि कधीकधी तर काळा नसून गुलाबीच असतो, पुळी समजून लोक सोडून देतात. म्हणून 2004 मध्ये 'बदल' हा मुद्दा जोडला गेला. अबोली, तुमच्या वर्णनात मला सगळ्यात खटकलं ते 'नवीन' आणि 'वर आलाय'. बोट लावून बघा, टणक लागतो का? लागला तर तीन महिने अजिबात थांबू नका.

टोकदार: मग नियमाचा उपयोग काय? प्रत्येक तीळ घेऊन पळायचं का डॉक्टरकडे?

संध्याछाया: अहो माझं उलट झालं. वय 63, छातीवर काळा-तपकिरी-पिवळट डाग, कडा फाटकी, तिन्हीत नापास. आठवडाभर झोप नाही. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, लावून बघितलं आणि म्हणाले वयाबरोबर येणारा सेबोऱ्हिक केराटोसिस आहे, कॅन्सर नाही. बोटाला खरखरीत, मेणचट, वरून चिकटवल्यासारखा लागायचा, ते फोटोत कुठे दिसतं? म्हणून माझ्या मते हा नियम टाकाऊच आहे.

रानपाखरू: माझ्या तिळावर केस आहे, म्हणजे सेफ ना?

कुंतल: रानपाखरू, केस असणं ही खात्री नाही, तीळ बदलत असेल तर केसासकट दाखवा. संध्याताई, टाकाऊ नाही हो. तुमचा डाग नापास झाला म्हणून तुम्ही दाखवायला गेलात, नियमाचं काम तेवढंच. नापास म्हणजे दाखवा, पण पास म्हणजे काही नाही असं उलटं वाचता येत नाही, टोकदारांची गल्लत तिथे होतेय.

आणि फोटो शेजारी ठेवून बघायचं म्हणता, पण ते फोटो सारखे असतात का? मोबाइल 45 अंश तिरका धरला तर 5 मिलिमीटरचा गोल तीळ एका दिशेने साडेतीनच दिसतो, म्हणजे लंबगोल. पिवळ्या बल्बखाली रंग बदलतो, फ्लॅशने चकाकी येऊन मधला फिकट भाग दिसतच नाही. निदान खिडकीच्या उजेडात, सरळ समोरून, कातडीला टेकवलेली मोजपट्टी सोबत दिसेल असा काढा, एक जवळून, एक लांबून.

टोकदार: फोटोची गोष्ट मान्य. पण ज्याच्या अंगावर पन्नास तीळ आहेत त्याने जुने फोटो नाही ठेवायचे तर काय करायचं? मला अजूनही वाटतं घरचा फोटो नसण्यापेक्षा बरा.

कुंतल: जुना फोटो हवाच, त्यावर माझं भांडण नाही. पन्नास असतील तर आधी बाकीच्यांत न बसणारा एखादा आहे का ते बघायचं. पण तीळ चार महिने वाढताना दिसतोय तिथे पुढच्या फोटोची वाट बघण्यात हाती काय लागणार?

अबोली: आत्ता बोट लावून बघितलं, टणक आहे. आणि गेल्या वर्षीचा पोहतानाचा फोटो सापडला, त्यात त्या जागी काहीच नाही. उद्या सकाळीच अपॉइंटमेंट घेते. लगेच कापतात का?

कुंतल: आधी डर्मोस्कोपने बघतील. संशय वाटला तर अख्खा तीळ भोवतालच्या दोनेक मिलिमीटर कातडीसकट काढून तपासणीला पाठवतात. वरवर खरवडून किंवा जाळून काढायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. मेलॅनोमा निघालाच तर तो किती खोल गेलाय हे मोजावं लागतं, आणि जाळलेल्या तुकड्यात ते कळत नाही. तो पोहतानाचा फोटो सोबत न्या.