परदेशी ग्राहकांच्या मेलमध्ये वेळेपुढे EST लिहावं का?

नवखी_समन्वयक: न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्राहकांसोबत दर मंगळवारी कॉल असतो. आमंत्रणाची मेल मीच पाठवते. आमच्याकडे वर्षभर "9:00 AM EST" असंच लिहायची पद्धत आहे. काही जण म्हणतात चुकीचं आहे, काही म्हणतात सगळ्यांना कळतंच की. नेमकं काय लिहावं?

चालतंय_की: काही चुकीचं नाही. न्यूयॉर्कचा माणूस EST वाचून आपलं घड्याळच बघतो. एवढा कीस पाडायची गरज नाही.

घड्याळवाला: न्यूयॉर्कचा माणूस घड्याळ बघतो, हे मान्य. पण त्याच मेलवर लंडनचा माणूसही आहे आणि तो वेळ बदलून बघतो. EST म्हणजे UTC-5, हिवाळ्यातली वेळ. 2026 मध्ये अमेरिकेतली घड्याळं 8 मार्चला एक तास पुढे जातात आणि तिथून न्यूयॉर्क EDT वर, म्हणजे UTC-4 वर असतं. आता 17 मार्चची मेल घ्या. "9:00 AM EST" हे अक्षरशः धरलं तर भारतात संध्याकाळचे 7:30 होतात. न्यूयॉर्कचा ग्राहक मात्र स्वतःच्या घड्याळात 9 वाजता येणार, तेव्हा आपल्याकडे 6:30 झालेले असतात. एकाच ओळीचे दोन अर्थ, मध्ये एक तास.

चालतंय_की: मग सरळ UTC लिहा ना! 13:00 UTC. सगळ्या जगाला एकच वेळ, वाद संपला.

घड्याळवाला: तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर, पण अर्धंच. UTC मध्ये संदिग्धता नाही, म्हणून पडताळायला ते उत्तम. पण ग्राहकाला कामाच्या घाईत आकडेमोड करायला लावलीत तर चुकायची जागा फक्त तुमच्याकडून त्याच्याकडे गेली. मेलमध्ये शहराचं नाव आणि तिथली वेळ असू द्या:

```
Tuesday, 17 March 2026
9:00 AM New York
1:00 PM London
6:30 PM India (UTC+5:30)
```

तिन्ही ओळी UTC मध्ये आणून बघा. तिन्ही 13:00 आल्या तरच मेल सोडा.

रात्रपाळी: माझ्या मते संध्याकाळी साडेसहाचा कॉल ठेवूच नये. ग्राहकाला सांगा, त्यांनीच थोडं लवकर यावं.

नवखी_समन्वयक: वेळ ठरलेली आहे हो, ती कशी लिहायची एवढंच विचारतेय. आणि लंडनचं एक कळलं नाही. 3 मार्चच्या मेलमध्ये तिथली वेळ 2:00 PM लिहिली होती आणि ती बरोबरच निघाली. मग 17 तारखेला 1:00 कसे?

घड्याळवाला: गोम नेमकी तिथेच आहे. 3 मार्चला दोन्ही शहरं हिवाळ्याच्या वेळेवर होती आणि अंतर पाच तासांचं होतं. अमेरिकेने 8 तारखेला घड्याळ पुढे केलं, ब्रिटन करतं ते मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा 29 तारखेला. मधल्या तीन आठवड्यांत अंतर चारच तास राहतं. 31 मार्चला लंडनला परत 2:00. म्हणून मागच्या आठवड्याची मेल कॉपी करून फक्त तारीख बदलायची सवय सगळ्यात घातक. शरद ऋतूतही एक आठवडा असाच येतो, कारण ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या.

फिनिक्सचा_कॉल: आमचा ग्राहक ॲरिझोनात, फिनिक्सला. तिथे घड्याळं बदलतच नाहीत. उन्हाळ्यात त्यांची वेळ लॉस एंजेलिसशी जुळते, हिवाळ्यात एक तास पुढे असते. आमच्या मेलमध्ये "Mountain Time" लिहायचे, मग ग्राहक डेन्व्हरची वेळ धरायचा की स्वतःची, काहीच कळायचं नाही. शहर लिहायला लागल्यापासून तो घोळ बंद झाला. आणि IST वर भरवसा ठेवू नका, आयर्लंड आणि इस्रायललाही तीच अक्षरं आहेत. डब्लिनचा ग्राहक उन्हाळ्यात ती आपलीच समजेल.

कॅलेंडरप्रेमी: एवढं लिहिताच कशाला? कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा, प्रत्येकाला आपापली वेळ दिसते. मेलमधले आकडे म्हणजे चुकांना निमंत्रण.

घड्याळवाला: एकदाच्या मीटिंगला हे पटतं. दर आठवड्याच्या मालिकेत मात्र ती कोणत्या क्षेत्राला बांधली आहे ते उघडून बघा. Asia/Kolkata ला बांधलेला 6:30 चा कॉल न्यूयॉर्कला 3 मार्चला सकाळी 8 ला दिसेल आणि 17 मार्चला 9 ला, कारण आपलं घड्याळ हलत नाही. ग्राहकाला कायम 9 हवे असतील तर मालिका America/New_York ला बांधा. तेव्हा 3 मार्चला आपल्याकडे 7:30 होतात. हा तास कोणी सोसायचा, ते आधी ठरवून घ्या.

कॅलेंडरप्रेमी: क्षेत्र तपासायचं, हे मान्य. तरी मेलमध्ये परत आकडे नकोत. कॉल पुढे ढकलला की आमंत्रण बदलतं, जुनी मेल तशीच पडून राहते. मग दोन वेळा समोर येतात आणि माणूस नेमकी चुकीची धरतो.

फिनिक्सचा_कॉल: आमच्या ग्राहकाच्या कार्यालयात बाहेरची आमंत्रणं अडवली जातात, त्याला मेलच मिळते. त्याचं काय करायचं?

नवखी_समन्वयक: EST आजपासून काढतेय. लंडनची ओळ दर वेळी नव्याने काढेन. पण मालिका आमच्या वेळेला बांधायची की न्यूयॉर्कच्या, हे साहेबांना विचारावं लागेल, हिवाळ्यात संघाला एक तास जास्त थांबावं लागणार आहे.