शोकसभेत कोणतं संगीत लावलंत? अनुभव सांगा

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका निवृत्त शिक्षिकेची शोकसभा झाली. बाई गोव्याच्या कॅथलिक, यजमान पुण्याचे ब्राह्मण, सून बौद्ध घरातली. 'काहीतरी शांत लावा' एवढंच सांगून काम माझ्याकडे आलं. मी भजनांची यादी केली. सून ती वाचून म्हणाली, "काका, विठ्ठलाचं लागलं तर माझे आईबाबा काही बोलणार नाहीत, पण त्यांना अवघडल्यासारखं होईल."

मग शब्दच नकोत असं ठरलं. सतारीचं एक ध्वनिमुद्रण निवडलं आणि नशिबानं आदल्या रात्री ते शेवटपर्यंत ऐकलं. पहिली बारा मिनिटं संथ आलाप, मग तबला, पुढे द्रुत, झाला आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट! नुसता आलाप कापून घेतला आणि त्याची शेवटची तीसेक सेकंदं हळूहळू उतरवली. लोक येत होते तेवढा वेळच लावला, भाषणं सुरू होण्याआधी बंद केला. आवाज किती ठेवायचा? शेवटच्या रांगेतल्या दोघांना कुजबुजत बोलता आलं पाहिजे, इतका. मात्र रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज माणसं भरल्यावर दबतो, तेव्हा पुन्हा एकदा मागे जाऊन ऐकावं लागतं.

तुम्ही काय केलंत?

मडगाव : आमच्याकडे माणूस गेल्यावर महिन्यानं होणाऱ्या मिसेला चर्चमधलं गाणं कॉयर ठरवतं, तिथे रेकॉर्ड लावत नाहीत. हॉलमधली सभा वेगळी. बाबांच्या सभेत चुलतभावानं एकट्यानं व्हायोलिन वाजवलं, अगदी संथ. उपासकाळात मोतेत या भक्तिगीतांना व्हायोलिन ऐकत मोठे झालेले सगळे म्हातारे एकदम गप्प झाले. सासरच्या हिंदू मंडळींना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तीही तशीच बसली होती.

कोल्हापूर : थोडक्यात, वाद्यसंगीत लावलं की कुणाच्याच धर्माचा प्रश्न उरत नाही. शिवरंजनी लावा, दुःखाचाच राग आहे.

मालेगाव : उरतो, दादा. अब्बांच्या शाळेतल्या शिक्षकांनी मोठ्या मायेनं सभा ठेवली आणि हळू आवाजात संतूर लावलं. अम्मी संगीत थांबेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिली. आमच्या घरात मयतीनंतर वाद्य नको असतं. सगळ्याच मुस्लिम घरांत असं असतं असं नाही, माझ्या मामांना चाललं असतं. पण आधी कुणी विचारलंच नाही. आणखी एक : सूरह यासीनचं रेकॉर्डिंग लावून त्यावर गप्पा मारू नका. तिलावत चालू असली की गप्प बसून ऐकायचं असतं.

डोंबिवली : आमच्या समोरच्या इमारतीत दहाव्याला दोन मोठे स्पीकर लावून रात्री अकरापर्यंत भजन चाललं. तक्रार करावी का? दुःखातल्या घराला काय सांगणार?

मिरज : मी पेटी वाजवतो, गावात तानपुरे बनतात, म्हणून माझं मत तानपुऱ्याच्या बाजूनं. नुसता तानपुरा, बाकी काही नाही. त्याला ना सुरुवात ना शेवट, कुठेही थांबवता येतो. दोन मिनिटांचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवू नका, सांधा कानाला टोचतो. निदान वीस मिनिटांचं सलग वादन घ्या.

कोल्हापूरच्या मित्राला सांगतो, शिवरंजनीत करुणा आहे हे खरं, पण लोक राग ऐकत नाहीत, आठवण ऐकतात. सनईवर मारवा जरी वाजवलात तरी आपल्या माणसांना मांडवच दिसणार. सारंगीचं उलटं झालं. मोठा नेता गेला की आकाशवाणी सारंगी लावायची, त्यामुळे त्या पिढीला सारंगी म्हणजे मृत्यूची बातमीच वाटे. सारंगी ऐकू आली की माझी आई विचारायची, "कोण गेलं?"

नागपूर : आमच्या आजीच्या पुण्यानुमोदनाला शेजाऱ्यांनी आपुलकीनं स्पीकर आणला आणि 'बौद्ध आहात ना' म्हणून तिबेटी मंत्र लावले. आमचं त्रिशरण-पंचशील पालीत असतं, आणि ते सगळे मिळून म्हणतो. भंतेजी आल्यावर स्पीकर बंद केला. शेजाऱ्यांचा राग आला नाही, पण आजी परक्या घरात आहे असं वाटलं.

ठाणे : मी फोनवरून थेट यूट्यूब लावलं होतं. फोटोला हार घालताना साबणाची जाहिरात लागली. हार घालणारी मुलगी माझ्याकडे वळून बघत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता फाईल उतरवून घेतो, फोन विमान मोडवर टाकतो आणि ब्लूटूथऐवजी वायर वापरतो.

एक प्रश्न. मित्राच्या वडिलांना एक जुनं सिनेगीत फार आवडायचं, प्रेमगीत. मुलाला ते लावायचंय, आत्याला शोभत नाही असं वाटतं. सभा रविवारी आहे.

मडगाव : आम्ही तसं एक गाणं सगळे गेल्यावर, खुर्च्या उचलताना, घरच्यांपुरतं लावलं होतं. आई तेवढ्यातच रडली.

मिरज : मी सभेतच लावलं असतं. माणूस त्याचा होता, गाणं त्याचं होतं.

ठाणे : आत्याला आज संध्याकाळी विचारतो.