मदत हवी आहे: लर्निंग संपत आलंय, पक्क्या लायसन्सची टेस्ट कधी देऊ?

गोंधळलेला_पुणेकर: मंडळी, लर्निंग ४ जूनला निघालं, आधारवरून घरबसल्याच परीक्षा दिली होती, गिअरवाली बाईक आणि कार दोन्हीसाठी. मग नोकरीच्या गडबडीत राहूनच गेलं. आता सारथीवर बघतोय तर २८ नोव्हेंबरचा स्लॉट मिळतोय आणि लर्निंग ३ डिसेंबरपर्यंत आहे. म्हणजे बसतंय ना? कागद काय काय न्यायचे? आधारवर गावचा पत्ता आहे, राहतो पुण्यात.

आरामात_राव: बसतंय की. नाही झालं तरी लर्निंग रिन्यू होतं, टेन्शन नको.

जुना_खिलाडी: राव, रिन्यू नाही होत हो. मुदत संपली की नव्याने अर्ज, नव्याने फी. आणि भाऊ, २८ ला नापास झालास तर पुन्हा टेस्ट सात दिवसांनंतरच, म्हणजे ५ डिसेंबर, तोवर लर्निंग गेलेलं. लर्निंगला ३० दिवस झाले की टेस्ट देता येते, तू जुलैतच द्यायला हवी होतीस. आता रोज सकाळी साइट उघडून बघ, लोक स्लॉट सोडतात, आधीची तारीख मिळाली तर घे.

कागद कमी लागतात: लर्निंगची प्रिंट, आधार, फी भरल्याची पावती, आणि गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. लोक अडकतात ते गाडीवरच. माझ्या पुढच्या पोराचा मागचा ब्रेकलाइट लागत नव्हता, त्याला तसाच परत पाठवला. आणि गिअरवाल्याचं लर्निंग आहे तर बहिणीची स्कूटी घेऊन जाऊ नकोस. बाईकवर आठ काढायला लावतात, पाय टेकला की गेलं. मोकळ्या मैदानात दोन चपला ठेवून हाफ क्लचवर सराव कर.

सुनीताताई: माझं लायसन्स मागच्या वर्षी संपलंय, मलापण टेस्ट द्यावी लागेल का? वय ५२.

जुना_खिलाडी: ताई, तुमचं नूतनीकरण, तो अर्ज वेगळा. चाळिशीपुढे डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, तो आधी भरून घ्या. संपून वर्ष व्हायच्या आत केलं तर बरं, त्यानंतर टेस्ट मागतात.

गोंधळलेला_पुणेकर: बापरे, सात दिवसांचं डोक्यातच नव्हतं. आणि पत्त्याचं काय? कार्ड पोस्टाने गावी गेलं तर आई घेईल म्हणा, पण पुण्याचा पत्ता हवाय.

किरायेदार: माझा भाडेकरार चालला.

वाकडवाली: माझा नाही चालला, लाइट बिल मागितलं, आणि ते मालकाच्या नावावर 😑 शेवटी आधारच बदलून घेतला, मग अर्ज.

गोंधळलेला_पुणेकर: आधार बदलायला आता वेळ नाही. गावच्या पत्त्यावरच जाऊ दे. आत्ताच बघितलं, १९ नोव्हेंबर सकाळी एक जागा दिसतेय, घेतो. बाईक मित्राची आहे, पीयूसी बघायला सांगतो त्याला.